दुधाच्या बिलातील तीन हिशेब: फॅटचा दर, पशुखाद्याची उचल आणि संस्थेची कपात

दर दहा दिवसांनी दूध संस्थेतून जे बिल हाती येते, त्याच्या तळाशी असलेली निव्वळ रक्कम पाहून बहुतेक उत्पादक ते घडी घालून ठेवतात. रक्कम मागच्या वेळेपेक्षा कमी असली की दर कमी झाला असे मानले जाते आणि जास्त असली की सर्व ठीक आहे असे समजले जाते. या दोन्ही समजुती चुकीच्या ठरू शकतात, कारण त्या एका आकड्यात तीन वेगळे हिशेब मिसळलेले असतात. पहिला हिशेब दुधाच्या किमतीचा, दुसरा उधारीवर उचललेल्या पशुखाद्याचा आणि तिसरा संस्थेने कापून घेतलेल्या रकमांचा असतो. मी काही वर्षे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका संस्थेचे हिशेब पाहण्याचे काम केले आहे. त्या काळात आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याचशा तक्रारी खऱ्या होत्या, पण त्या चुकीच्या रकान्याबद्दल केल्या जात. फॅटवर राग काढला जाई आणि पैसे मात्र पशुखाद्याच्या खात्यात अडकलेले असत. म्हणून येथे एकच बिल घेऊन ते ओळीओळीने कसे तपासावे, हे सांगत आहे.

उदाहरणासाठी वाळपईजवळच्या गावातील दोन संकरित गायी असलेल्या एका उत्पादक बाईंचे दहा दिवसांचे बिल घेऊ. यातील दर मी हिशेब समजावण्यासाठी धरले आहेत. तुमच्या संस्थेत लावलेल्या दर तक्त्यातील आकडे वेगळे असतील, परंतु पद्धत हीच राहील.

दूध, सकाळ: ७५ लिटर, फॅट ३.६, एसएनएफ ८.४
दूध, संध्याकाळ: ५० लिटर, फॅट ४.२, एसएनएफ ८.५
दुधाची एकूण किंमत: ५,११९.१० रुपये
पशुखाद्य कपात: २,०००.०० रुपये
व्यवस्थापन खर्च: ६२.५० रुपये
भाग भांडवल: ५०.०० रुपये
सक्तीची ठेव: ५१.१९ रुपये
निव्वळ देय: २,९५५.४१ रुपये

पहिला हिशेब: दुधाची किंमत

फॅट म्हणजे दुधातील स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे पाणी व स्निग्धांश वगळून उरलेले घन पदार्थ, ज्यात प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार येतात. आपण दूध लिटरने घालत असलो, तरी दोन्ही घटकांवर दर देणारा दूध संघ वास्तविक पाहता त्या दुधातून किती किलो फॅट आणि किती किलो एसएनएफ मिळाले त्याचे पैसे देतो. आपल्या उदाहरणात फॅटचा दर किलोला ४२० रुपये आणि एसएनएफचा दर किलोला २८० रुपये धरला आहे. संस्थेत भिंतीवर लावलेला तक्ता, ज्यात एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ आणि मध्ये लिटरचा दर असतो, तो बहुधा याच गुणाकारातून तयार केलेला असतो.

हिशेबाची पहिली पायरी लिटरचे किलोत रूपांतर करण्याची आहे. दूध पाण्यापेक्षा जड असल्यामुळे एक लिटर दुधाचे वजन साधारण १.०३ किलो भरते. सकाळचे ७५ लिटर म्हणजे ७७.२५ किलो. त्यात ३.६ टक्के फॅट, म्हणजे २.७८१ किलो, आणि ८.४ टक्के एसएनएफ, म्हणजे ६.४८९ किलो. पहिल्याचे १,१६८.०२ रुपये आणि दुसऱ्याचे १,८१६.९२ रुपये मिळून सकाळच्या दुधाची किंमत २,९८४.९४ रुपये होते. याच रीतीने संध्याकाळचे ५० लिटर म्हणजे ५१.५ किलो दूध धरले, तर किंमत २,१३४.१६ रुपये येते. दोन्हींची बेरीज ५,११९.१० रुपये, म्हणजे लिटरला सरासरी ४० रुपये ९५ पैसे. बिलावरची रक्कम बरोबर आहे.

सकाळचे दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळचे दूध कमी आणि फॅट जास्त, हे पाहून कोणी गडबडून जाऊ नये. संध्याकाळी चारला आणि पहाटे पाचला धार काढली, तर रात्रीचा खंड तेरा तासांचा होतो आणि दिवसाचा अकरा तासांचा. खंड मोठा असला की दूध जास्त साठते आणि त्यातील फॅटचे प्रमाण खाली येते.

याच कारणामुळे बिलाच्या शेवटी छापलेल्या सरासरी फॅटवरून किंमत पडताळून पाहू नये. ३.६ आणि ४.२ यांची साधी सरासरी ३.९ येते. पण सकाळचे दूध संध्याकाळच्या दीडपट आहे, त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी ३.८४ आहे. साध्या सरासरीने हिशेब मांडला तर किंमत ५,१५५.१५ रुपये निघते आणि संस्थेने ३६ रुपये कमी दिले असे वाटते. या छत्तीस रुपयांवरून सचिवांशी भांडलेले उत्पादक मी पाहिले आहेत आणि त्यात सचिवांची काहीच चूक नव्हती. सकाळ आणि संध्याकाळ वेगवेगळी मांडावी आणि प्रत्येक वेळेच्या पावत्या असतील तर एकेक पावती मांडावी, म्हणजे हा गैरसमज होत नाही.

याउलट जेथे खरोखर पैसे जातात ती जागा लिटर आणि किलो यांच्या अदलाबदलीची आहे. काही ठिकाणी काटा किलोत मोजतो, तर काही ठिकाणी माप लिटरचे असते. दर तक्ता लिटरचा आहे की किलोचा, हे त्याच्या वरच्या बाजूला लिहिलेले असते आणि तेच कोणी वाचत नाही. या बाईंचे १२५ लिटर दूध १२५ किलो म्हणून धरून किलोचा दर लावला असता, तर त्यांना ५,११९.१० ऐवजी ४,९७० रुपये मिळाले असते. दहा दिवसांत १४९ रुपयांचा फरक, म्हणजे महिन्याला साडेचारशेच्या जवळ. ही चूक फॅटमध्ये दिसत नाही आणि दरातही दिसत नाही. ती शोधण्याचा एकच मार्ग आहे: घरी पाच लिटरच्या मापाने दूध मोजावे, ते संस्थेच्या काट्यावर ठेवावे आणि आकडा ५.१५ च्या आसपास येतो की ५.०० येतो ते पाहावे. काटा ५.१५ दाखवत असेल तर तो किलोत आहे आणि त्याला किलोचाच दर लागला पाहिजे. ५.०० दाखवत असेल तर काटा आतल्या आत लिटर करून देत आहे आणि लिटरचा दर हवा. फेस बसल्यावरच घरचे माप घ्यावे, नाहीतर ही तपासणी फसते.

मापातील दुसरी गळती शेवटचा दशांश गाळण्याची आहे. काटा ७.५६ दाखवत असताना वहीत ७.५ लिहिले जाते. प्रत्येक वेळी सरासरी पन्नास मिलिलिटर गेले, तरी दहा दिवसांच्या वीस वेळांत एक लिटर जातो, म्हणजे सुमारे ४१ रुपये. काट्याचा आकडा आपोआप पावतीवर उतरत असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. हाताने लिहिला जात असेल तर दोन दशांश लिहिण्याचा आग्रह धरावा.

फॅट अचानक पडते तेव्हा

समजा, चौथ्या दिवशी संध्याकाळी ४.२ ऐवजी ३.१ फॅट लागले. पाच लिटर दुधावर या घसरणीचे नुकसान सुमारे २४ रुपये होते. रक्कम मोठी नाही, पण कारण शोधणे आवश्यक असते, कारण तीच चूक रोज होऊ लागली तर ती बिलभर पसरते. अशा वेळी त्याच पावतीवरचा एसएनएफ पाहावा. गायीच्या दुधातील फॅट दिवसागणिक थोडे खालीवर होते, पण एसएनएफ फारसा हलत नाही, आणि त्यामुळे तो साक्षीदाराचे काम करतो.

फक्त फॅट पडले आणि एसएनएफ जागच्या जागी राहिला, तर दुधात पाणी नाही. मग तीन शक्यता उरतात. पहिली, धार पूर्ण निघालेली नाही. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी आणि शेवटच्या दुधात पुष्कळ जास्त असते. शेवटचे दूध वासराला सोडले किंवा घाईत कासेत राहिले, तर बादलीतील दुधाचे फॅट खाली येणारच. दुसरी, नमुना घेण्यापूर्वी दूध ढवळलेले नाही. दूध थोडा वेळ स्थिर राहिले की फॅट वर तरंगू लागते, आणि तळाकडून ओघळलेला नमुना घेतला तर फॅट कमी लागते. तिसरी शक्यता आहाराची आहे. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा पोटभर आणि सुके गवत अगदी थोडे, अशी स्थिती झाली की तंतुमय घटक कमी पडतात आणि फॅट उतरते. मात्र हा उतार एका संध्याकाळी येत नाही, तो आठवड्याभरात हळूहळू येतो आणि दोन्ही वेळच्या दुधात दिसतो.

फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकाच प्रमाणात उतरले असतील, तर दुधात पाणी गेले आहे असे समजावे. ते मुद्दाम घातलेले असेलच असे नाही. बादली विसळून उलटी न करता तशीच वापरली आणि पाच लिटरच्या भरात शंभर मिलिलिटर पाणी राहिले, तर ८.५ चा एसएनएफ ८.३३ वर येतो. गायीच्या दुधासाठी अन्न सुरक्षा मानकांत किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ सांगितले आहे. दर तक्त्यात या सीमेखाली गेल्यावर दर हळूहळू न उतरता एकदम कोसळतो किंवा दूध परत केले जाते. म्हणून सीमेच्या काठावर असलेल्या दुधाच्या बाबतीत विसळण्याचे उरलेले पाणीसुद्धा महागात पडते.

यंत्राबद्दल शंका असेल तर ती लगेच, नमुना अजून बाटलीत असतानाच मांडावी. दूध विश्लेषक यंत्राला फेसाळलेले, नुकतेच काढलेले कोमट दूध दिले तर हवेच्या बुडबुड्यांमुळे आकडा बिघडतो. यंत्राची नळी रोज नीट धुतली गेली नाही तरी आकडे एका बाजूला झुकतात, पण तेव्हा ते सर्वांचेच झुकतात. त्यामुळे त्या वेळी तुमच्या मागेपुढे दूध घातलेल्या दोघांना त्यांचे फॅट विचारावे. सर्वांचे उतरले असेल तर यंत्राकडे पाहावे, तुमचे एकट्याचे उतरले असेल तर नमुन्याकडे किंवा गोठ्याकडे. त्याच नमुन्याची पुन्हा चाचणी करून मागावी, आणि दोन वाचनांत ०.१ हून अधिक फरक आला तर गर्बर पद्धतीने तपासण्याची विनंती करावी. त्या पद्धतीत १०.७५ मिलिलिटर दूध, १० मिलिलिटर गंधकाम्ल आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल काचेच्या विशिष्ट नळीत घेऊन ती यंत्रात फिरवतात आणि वर आलेला फॅटचा थर नळीवरील खुणांवर वाचतात. ती वेळखाऊ आहे, पण वाद मिटवण्यासाठी हीच पद्धत विश्वासाची मानली जाते.

काही संस्थांच्या बिलावर एसएनएफऐवजी डिग्री छापलेली असते. ती लॅक्टोमीटरची तापमानानुसार दुरुस्त केलेली नोंद असते. डिग्रीला ४ ने भागावे, त्यात फॅटचा पाव भाग मिळवावा आणि वर एक ठरलेला आकडा मिळवावा, म्हणजे एसएनएफ निघतो. डिग्री २८ आणि फॅट ४.० असेल तर ७ अधिक १ अधिक ०.४४, म्हणजे ८.४४. हा शेवटचा आकडा सगळीकडे एक नसतो. कोठे ०.४४ धरतात, कोठे ०.३५. आपल्या उदाहरणातील दुधावर या ०.०९ च्या फरकाचे दहा दिवसांत सुमारे ३२ रुपये होतात. म्हणून संस्था कोणता आकडा वापरते आणि संघ संस्थेला पैसे देताना कोणता वापरतो, हे विचारावे. दोघांचे आकडे सारखे असले पाहिजेत.

दुसरा हिशेब: पशुखाद्याची उचल

या बिलातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अपुरी ओळ हीच आहे: पशुखाद्य कपात, २,००० रुपये. दुधाच्या किमतीतील शंभरातले ३९ रुपये या एका ओळीत जातात, आणि तरीही ही ओळ कर्ज किती राहिले ते सांगत नाही. कपात हा फक्त हप्ता आहे. खाते समजण्यासाठी चार आकडे लागतात: मागील बाकी, या दहा दिवसांत घेतलेली पोती, झालेली कपात आणि पुढील बाकी. तुमच्या बिलावर चारही नसतील तर सचिवांकडून खात्याच्या पानाचा उतारा मागावा.

या बाईंच्या खात्याचा उतारा असा होता. मागील बाकी ४,२०० रुपये होती. दहा दिवसांत त्यांनी ५० किलोची दोन पोती, पोत्याला १,४०० रुपये दराने, म्हणजे २,८०० रुपयांचे पशुखाद्य उचलले. एकूण ७,००० रुपये झाले. त्यातून २,००० रुपये कापले गेले आणि पुढील बाकी ५,००० रुपये राहिली. म्हणजे दोन हजार रुपये भरूनही कर्ज आठशे रुपयांनी वाढले. त्यांना बिलावरून वाटत होते की दर दहा दिवसांनी आपण कर्ज फेडत आहोत.

येथे गोठ्याचा हिशेब जोडून पाहावा लागतो. गायीसाठी रूढ ठोकताळा असा आहे की दुधाच्या लिटरमागे ४०० ग्रॅम आणि शरीरपोषणासाठी दर गायीला एक ते दीड किलो पशुखाद्य द्यावे. दिवसाला साडेबारा लिटर दूध आणि दोन गायी धरल्या, तर पाच किलो अधिक तीन किलो, म्हणजे दिवसाला आठ किलो होतात. दहा दिवसांचे ८० किलो, म्हणजे एक पोते आणि तीस किलो, किंमत २,२४० रुपये. चांगला हिरवा चारा असेल तर याहून थोडे कमी लागते, घरी वासरू आणि घरच्या वापराचे दूध असेल तर थोडे जास्त. बाई दोन पोती उचलत होत्या, म्हणजे एकतर थोडा साठा राहत होता, किंवा गाभण कालवड आणि शेजारच्या गोठ्याला उसने दिलेले खाद्य त्याच खात्यात पडत होते. विचारल्यावर दुसरे कारण निघाले. तरीही मोजून खाद्य दिले असते, तर दर दहा दिवसांना २,२४० रुपयांची उचल आणि २,००० रुपयांची कपात, म्हणजे प्रत्येक बिलाला २४० रुपयांची वाढ झालीच असती. वर्षाच्या ३६ बिलांत ही वाढ ८,६४० रुपये होते. वर चतुर्थीच्या आधी रोख उचल घेतली असेल तर ती याच पानावर चढते आणि मग कोणती बाकी खाद्याची आणि कोणती सणाची हे कोणालाच सांगता येत नाही. रोख उचल वेगळ्या ओळीत लिहिण्यास सांगावे.

पोत्याच्या किमतीबाबत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पोते ज्या दिवशी हाती आले त्या दिवसाचा दर लागला आहे का. गोवा डेअरीचा पशुखाद्य कारखाना उसगावला आहे आणि तेथील किंवा बाहेरून येणाऱ्या खाद्याची किंमत अधूनमधून बदलते. वाढ झाल्यावर आधी उचललेल्या पोत्यांनाही नवा दर लागण्याची चूक महिनाअखेरीस हिशेब एकदम लिहिणाऱ्या संस्थांत सहज घडते. पोते घेताना तारीख, पोत्यांची संख्या आणि दर लिहिलेली चिठ्ठी घेऊन ती जपून ठेवली तर हा वाद दोन मिनिटांत सुटतो.

दुसरी गोष्ट उधारीच्या किमतीची. रोखीने घेतल्यास पोते १,३६० रुपयांना आणि उधारीवर १,४०० रुपयांना मिळत असेल, तर हे चाळीस रुपये व्याजच आहे. आपल्या उदाहरणात पाच हजारांची बाकी दोन हजारांच्या हप्त्याने फिटण्यास साधारण पंचवीस दिवस लागतात. म्हणजे महिनाभराच्या आतल्या उधारीला सुमारे तीन टक्के पडतात. संस्थेला तो खर्च येतो हे मान्य, पण दर स्पष्टपणे सांगितला गेला पाहिजे. हमाली व वाहतूक किमतीत धरली आहे की वेगळी कापली जाते, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण दोन्हीकडे लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

तिसरा हिशेब: संस्थेच्या कपाती

उरलेल्या तीन ओळींची बेरीज १६३ रुपये ६९ पैसे होते. त्या एकत्र पाहिल्या की सर्व खर्चच वाटतो. प्रत्यक्षात त्यातील फक्त व्यवस्थापन खर्चाचे ६२.५० रुपये, म्हणजे लिटरला ५० पैसे, हे गेलेले पैसे आहेत. भाग भांडवलाचे ५० रुपये हे संस्थेतील तुमच्या मालकीचे भाग आहेत आणि ठेवीचे ५१.१९ रुपये, म्हणजे दुधाच्या किमतीचा एक टक्का, ही तुमची बचत आहे. खर्च, मालकी आणि बचत हे तीन वेगळे रकाने मनात ठेवले, तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

व्यवस्थापन खर्चासाठी विचारायचा प्रश्न असा: ही कपात दर तक्त्यातच धरलेली आहे का? दूध संघ संस्थेला जो दर देतो त्यातून संस्थेचा हिस्सा वजा करून सभासदांसाठी तक्ता बनवला जात असेल, आणि पुन्हा बिलात लिटरला ५० पैसे कापले जात असतील, तर एकच खर्च दोनदा वसूल होतो. संघाचा तक्ता आणि संस्थेचा तक्ता शेजारी ठेवून एकाच फॅट आणि एसएनएफचा दर दोन्हींत पाहिला की हे कळते. संस्थेला नोकर, वीज, यंत्राची दुरुस्ती आणि चाचणीचे साहित्य यांचा खर्च असतो आणि तो उत्पादकांनीच उचलायचा असतो. पण तो किती आणि कोणत्या मार्गाने, हे सर्वसाधारण सभेच्या ठरावात नोंदलेले असावे. संघाकडे पोहोचताना नासलेल्या दुधाची तूट सभासदांवर वाटली जाते तेव्हाही हाच नियम लावावा. ठराव दाखवा असे म्हणणे उद्धटपणाचे नाही.

भाग भांडवलाच्या कपातीला शेवट असतो. ठरलेले भाग पूर्ण झाले की ती थांबली पाहिजे. अनेक बिलांत ती वर्षानुवर्षे चालू राहते, कारण संगणकात एकदा टाकलेली कपात कोणी काढत नाही. तुमच्या नावावर किती भाग झाले, त्याचा दाखला मिळाला का आणि लाभांश कोठे जमा होतो, हे वर्षातून एकदा, आर्थिक वर्ष संपल्यावर, पाहावे. ठेवीबाबत व्याजाचा दर, ती कधी काढता येते आणि पासबुकात नोंद आहे का, हे तीन प्रश्न पुरतात. ठेवीची रक्कम पशुखाद्याच्या बाकीत परस्पर वळवली गेली असेल तर त्याला तुमची लेखी संमती होती का, तेही पाहावे.

गोव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याच्या योजनेतून दूध उत्पादकांना मिळणारे प्रोत्साहनपर अनुदान संघाच्या दरापासून वेगळे आहे. ते संस्थेला घातलेल्या दुधाच्या नोंदीवर अवलंबून असते. त्यामुळे लिटर चुकीचे लिहिले गेले तर नुकसान दोन ठिकाणी होते. त्याची वाट पाहावी लागली, तर दुधाच्या बिलात गोंधळ आहे असा अर्थ काढू नये. ते मिळाल्यावर मात्र कोणत्या महिन्यांचे आणि किती लिटरचे ते मिळाले, याची जुन्या बिलांशी गाठ घालावी. म्हणून बिले निदान दोन वर्षे जपून ठेवावीत.

चूक सापडल्यावर

तक्रार तोंडी न करता एका कागदावर लिहून द्यावी आणि त्यात एकच मुद्दा ठेवावा: अमुक तारखेच्या सकाळच्या पावतीवर ७.५६ आहे, बिलात ७.५ आहे. सर्व शंका एकत्र मांडल्या तर उत्तर मोघम मिळते. सचिवांकडून पुढील बिलापर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर अर्ज अध्यक्षांच्या नावे संचालक मंडळाकडे द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. संस्था गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ खाली नोंदलेली असते. त्यामुळे सभासद म्हणून स्वतःच्या खात्याचा उतारा मागता येतो, आणि तेथेही दाद लागली नाही तर सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे जाता येते. माझ्या अनुभवात लेखी आणि एका मुद्द्याचा अर्ज असेल तर बहुतेक प्रकरणे संचालक मंडळापर्यंतही जात नाहीत, कारण सचिवांनाही आपली वही दुरुस्त झालेली हवी असते.

या बाईंच्या बाबतीत दुधाचा हिशेब पूर्ण बरोबर निघाला. व्यवस्थापन खर्च एकदाच लागत होता. भाग भांडवल मात्र आठ महिन्यांपूर्वी पूर्ण झालेले होते आणि ५० रुपयांची कपात चालूच होती. दर महिन्याला तीन बिले धरता २४ बिलांचे १,२०० रुपये त्यांच्या नावे जादा जमा झाले होते. ते लेखी अर्जावर पशुखाद्याच्या खात्यात वळवून घेतले, म्हणून बाकी ५,००० वरून ३,८०० रुपयांवर आली. शेजारच्या गोठ्याला उसने खाद्य देणे त्यांनी थांबवले आणि उचल ८० किलोवर, म्हणजे सरासरी २,२४० रुपयांवर आणली. दोन्ही गायींपैकी एक पाच महिन्यांनी आटणार होती. ती आटल्यावर दूध निम्म्यावर येईल आणि तोच हप्ता झेपणार नाही, म्हणून बाकी त्यापूर्वी फिटणे आवश्यक होते. हप्ता २,००० वरून २,६०० रुपये केला, तर दर बिलाला कर्ज ३६० रुपयांनी उतरते आणि ३,८०० रुपये अकरा बिलांत, म्हणजे पावणेचार महिन्यांच्या आत फिटतात. भाग भांडवलाची कपात थांबल्यामुळे तेवढ्याच दुधावर हाती येणारी रक्कम २,४०५ रुपये ४१ पैसे होते. आधीपेक्षा ती ५५० रुपयांनी कमी आहे, आणि तो आकडा पहिल्या बिलावर पाहून धक्का बसू नये म्हणून बाईंनी तो आधीच त्या बिलाच्या मागे लिहून ठेवला आहे.